अप्पा, एकदा दाखवून घ्या

सातारा

तीर्थरूप अप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला शौचाच्या वेळी पडणाऱ्या रक्ताचा विषय निघाला की तुम्ही "बरं आहे सगळं, आईला देतो" म्हणता आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून कागद घेतला. कागद कुणाच्या हातात देता येत नाही, तो वाचावाच लागतो.

आईवर रागावू नका. धोतरं ती धुते, डाग तिला दिसणार नाहीत तर कुणाला दिसतील? तिनं मला सगळं सांगितलं आहे. संडासात लागणारा वेळ, उठल्यावर पाटावर तिरकं बसणं, जेवताना मध्येच उठणं. आणि मी स्वतः पाहिलं ते श्रावणात. दंडोबाच्या डोंगरावर दरवर्षी आमच्या पुढं चालणारे तुम्ही यंदा दोनदा बसलात. "ऊन आहे" म्हणालात, पण त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. तुमचा चेहराही पांढुरका वाटला. वयाचं म्हणून मी तेव्हा बोलले नाही, पण आईचं ऐकल्यावर दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या.

तुम्ही म्हणणार, मूळव्याध आपल्या घराण्यातच आहे, हळदीच्या पेठेत उभा जन्म गादीवर बसून हिशेब लिहिले, होणारच. मान्य. तुम्हाला मूळव्याध असेलही. पण अप्पा, हे रक्त मूळव्याधीचंच आहे हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. पेठेतल्या तुमच्या मित्रानं ज्या माणसाकडं नेलं, त्यानं नाडी धरली, चार प्रश्न विचारले आणि पुड्या दिल्या. जागा पाहिलीच नाही. औषध आयुर्वेदाचं की इंग्रजी, यावर माझा वाद नाही. आयुर्वेदाचे शल्यतज्ज्ञही आधी नीट तपासतात आणि मगच क्षार लावायचा की नाही ते ठरवतात. न बघता नाव देणाऱ्याला मात्र मी वैद्य म्हणणार नाही.

मला हे कसं माहीत, तर मी स्वतः त्या टेबलावर झोपले आहे. तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, बाईमाणसानं बापाला काय सांगायचं म्हणून. आता सांगते, कारण तुम्हाला भीती आजाराची कमी आणि त्या तपासणीची जास्त आहे, असा माझा अंदाज आहे.

धाकटा झाल्यापासून मला अधूनमधून रक्त पडायचं. दुखायचं नाही, फक्त शेवटी लाल थेंब. इथल्या एका सर्जनकडं गेले. ना उपाशीपोटी जायचं होतं, ना ॲडमिट व्हायचं. आधी खुर्चीत बसवून प्रश्न विचारले आणि त्यातच बराच वेळ गेला. रक्त लालभडक की काळपट? शौचाच्या वर की त्यात मिसळलेलं? थेंब गळतात की नुसतं पुसताना दिसतं? कोंब बाहेर येतो का, आला तर आपोआप आत जातो की बोटानं ढकलावा लागतो? दुखतं का? पूर्वीसारखंच पोट साफ होतं, की अलीकडे सवय बदलली?

हे प्रश्न उगाच नसतात. आतल्या मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक असतं, शौचानंतर थेंबथेंब गळतं आणि दुखत नाही, कारण आतल्या त्या भागाला कातडीसारखी वेदना कळतच नाही. शौचाला बसताना सुरी फिरल्यासारखं दुखत असेल तर बहुतेक चीर पडलेली असते, तिला फिशर म्हणतात. एकाएकी टणक, दुखरी गाठ बाहेर आली तर तिथं रक्त गोठलेलं असू शकतं. आणि रक्त काळपट असेल, मळात कालवलेलं असेल, चिकट शेंब पडत असेल, किंवा जाऊन आल्यावरही पुन्हा जावंसं वाटत असेल, तर डॉक्टरांचं लक्ष मूळव्याधीवरून उठून वर आतड्याकडं जातं.

नंतर पडद्यामागं टेबलावर डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, गुडघे पोटाशी घेऊन. नर्सबाईंनी अंगावर चादर घातली. लागतो तेवढाच भाग उघडा राहतो, आणि तोंड भिंतीकडं असतं, त्यामुळं कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. मला त्याचंच सगळ्यात बरं वाटलं. डॉक्टर आधी नुसतं बाहेरून बघतात. चीर आहे का, भगंदराचं तोंड दिसतंय का, कातडीची लोंबं आहेत का. मग कुंथायला सांगतात, म्हणजे बाहेर येणारा कोंब असेल तर दिसतो.

त्यानंतर हातमोजा आणि बधिर करणारी जेली लावून एक बोट आत. दुखत नाही, पण संडासला होईल असं वाटतं. मी घाबरून तसं म्हणालेही. ते म्हणाले, वाटतं तसं, होत नाही, तोंडानं सावकाश श्वास सोडा. खरंच काही झालं नाही. गंमत म्हणजे आतली मूळव्याध बोटाला सहसा लागतच नाही, ती मऊ असते, दाबली की पसरते. बोट घालतात ते दुसरं काही नाही ना हे बघायला. गुदाशयात टणक गाठ असेल तर ती बोटाच्या टोकाला लागते. तुमच्यासारख्या पुरुषमाणसाची प्रोस्टेटही त्याच बोटाला समजते, आणि रात्री तुम्ही लघवीला किती वेळा उठता ते आईनं मला सांगितलं आहे. लघवीसाठी जोर करावा लागत असेल तर तोच जोर मूळव्याधीवरही पडतो. तेव्हा तेही सांगा.

शेवटी प्रॉक्टोस्कोप. बोटापेक्षा थोडी जाड, आखूड नळी, आत गुळगुळीत दांडा असलेली. नळी आत गेली की दांडा काढून घेतात आणि उजेड टाकून बघतात, आणि नळी हळूहळू बाहेर घेताना कोंब नळीत फुगून येतात, तेव्हा ते कुठं आणि केवढे आहेत ते दिसतं. आत-बाहेर मिळून दोनचार मिनिटांचं काम. मी साडी सावरून बाहेर येईपर्यंत डॉक्टर कागदावर गोल काढून घड्याळासारखे आकडे टाकत होते, तीन, सात आणि अकरा. नेहमीच्या तीन जागा याच, म्हणाले.

त्यांनीच मला समजावलं की या उशा प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून असतात. नळाच्या वायसरसारख्या त्या दार घट्ट मिटायला मदत करतात. वर्षानुवर्षं कुंथून, खूप वेळ बसून त्या फुगतात आणि खाली घसरतात, त्याला आपण मूळव्याध म्हणतो. नुसतं रक्त येतं पण बाहेर काही येत नाही ती पहिली पायरी. बाहेर येऊन आपोआप आत जाते ती दुसरी, बोटानं ढकलावी लागते ती तिसरी, आणि ढकलूनही आत जात नाही ती चौथी. माझी दुसरी होती. इसबगोल, पाणी आणि संडासात वर्तमानपत्र न नेणं एवढ्यावर महिनाभर बघितलं. रक्त थांबेना म्हणून रबराचं कडं बसवलं. कोंबाच्या मुळाशी बारीक रबर अडकवतात, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि आठदहा दिवसांत तो गळून पडतो. बेशुद्ध करत नाहीत. दोन दिवस जड-जड वाटलं, गळताना थोडं रक्त गेलं, एवढंच.

तुमचंही रबरावर भागेल असं मी लिहिणार नाही. मोठे, सारखे बाहेर राहणारे कोंब असतील तर ऑपरेशन सांगतील, आणि त्यानंतरचे काही दिवस दुखतं, हेही खरं. पण तपासायला जाणं म्हणजे ऑपरेशनला हो म्हणणं नव्हे.

आता मामंजींचं सांगते, कारण खरं कारण ते आहे. त्यांना मूळव्याध वीसेक वर्षांची. रक्त दिसलं की सुरणाची भाजी आणि ताक, झालं. गेल्या वर्षी पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. मी त्यांना माझ्याच डॉक्टरांकडं नेलं. कोंब सापडले, दुसऱ्या पायरीचेच. मला वाटलं झालं काम. पण डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं तर हिमोग्लोबिन ८.९. ते म्हणाले, एवढ्याशा कोंबांतून आठवड्याला चार थेंब जाऊन एवढं उतरणार नाही. मूळव्याध आहे म्हणून वर काही नाही असं होत नाही. माणसाला दोन्ही असू शकतात, आणि या वयात रक्त जात असेल तर वरचं आतडं बघितल्याशिवाय मी मूळव्याधीवर खापर फोडणार नाही.

मग दुर्बिणीची तपासणी झाली, कोलोनोस्कोपी. तपासणीपेक्षा आदला दिवसच जड. त्या दिवशी फक्त पेज, गाळलेला रस, शहाळं. संध्याकाळी औषधाची पूड दोन लिटर पाण्यात कालवून ग्लासामागून ग्लास प्यायची. चव खारट-गुळमट, मामंजींनी मला दोनदा शिव्या घातल्या. त्यानंतर संडासाच्या फेऱ्या, शेवटी नुसतं पिवळसर पाणी येईपर्यंत. म्हाताऱ्या माणसाला यात गरगरतं, म्हणून कुणीतरी जवळ हवंच. लोहाच्या गोळ्या आधी काही दिवस बंद करायला सांगितल्या होत्या, कारण त्यानं मळ काळा होतो आणि आतलं नीट दिसत नाही. साखरेच्या गोळ्यांचं काय करायचं तेही त्यांनी आधीच लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी गुंगीचं इंजेक्शन दिलं, अर्धा-पाऊण तास, आणि जागे झाल्यावर त्यांनी विचारलं, "कधी करणार?"

डाव्या बाजूच्या आतड्यात देठाची एक गाठ सापडली, पॉलिप. तारेच्या फासानं तिथल्या तिथं काढली. तपासणीला पाठवली, तर कर्करोग नव्हता, पण वर्षानुवर्षं तशीच राहिली असती तर पुढं होऊ शकणाऱ्या जातीची होती. आता ठरल्या वेळी पुन्हा दुर्बीण. मामंजी परवा अजिंक्यताऱ्यावर फिरून आले.

तुमच्या आतड्यात काही आहे असं मला म्हणायचं नाही, अप्पा. बहुतेकांचं रक्त मूळव्याधीचंच निघतं. पण दंडोबाला लागलेली धाप आणि तो पांढुरका चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यामुळं निदान एक हिमोग्लोबिन आणि एक तपासणी एवढं तरी हवंच. दुर्बीण लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील.

एक गोष्ट मात्र पत्र मिळाल्या-मिळाल्या करायची. आई म्हणाली की हृदयात स्टेंट टाकल्यापासूनची रक्त पातळ ठेवायची गोळी तुम्ही मनानंच बंद केली आहे, रक्त थांबावं म्हणून. ती गोळी रक्त जास्त जायला कारण होऊ शकते, तुमचा हिशेब तेवढा बरोबर आहे. पण ती एकदम बंद केली तर स्टेंटमध्ये रक्त गोठू शकतं, आणि ते मूळव्याधीपेक्षा कितीतरी वाईट. आजच्या आज तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा आणि बंद केली आहे हे स्पष्ट सांगा. चालू, बंद, कमी, काय ते त्यांनाच ठरवू दे. सर्जनलाही त्या गोळीचं आधी सांगायचं, कारण रबर बसवायचं की नाही हे त्यावर ठरतं.

आणि एका वेळी भरपूर रक्त गेलं, चक्कर आली, घाम फुटला, किंवा डांबरासारखं काळं, चिकट शौच झालं, तर माझी वाट बघत बसू नका. शेजारच्यांना हाक मारून सरळ सिव्हिलला जा, रात्र असली तरी.

सांगलीत तुमच्या ओळखीचे खूप, कुणीतरी बघेल म्हणून संकोच वाटत असेल तर आपण मिरजेला दाखवू. तिथं सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला सर्जरीची ओपीडी असते. खासगी सर्जनही आहेत. सरकारीत रांग लागते, आणि शिकाऊ डॉक्टरांनाही बघू द्याल का असं विचारतात. तुम्हाला नको असेल तर नको म्हणायचं, तसं म्हटल्यानं कुणी औषध नाकारत नाही. बाई डॉक्टर नको असेल तर तेही मी आधी बोलून ठेवते.

तोंडानं सांगणं जमणार नसेल तर लिहून ठेवा. पेठेत पोत्यांचे, अडतीचे हिशेब पैशापर्यंत जुळवणाऱ्या माणसाला हे काय जड आहे? वहीच्या एका पानावर लिहा: रक्त केव्हापासून, किती, रंग कसा, कोंब बाहेर येतो का आणि कसा आत जातो, पोट रोज साफ होतं का, वजन उतरलं का, धोतर सैल बसायला लागलं का. सध्याच्या सगळ्या गोळ्यांची नावं, त्या पुड्याही, आणि दुखण्यासाठी परस्पर घेता त्या गोळ्यासुद्धा. काही दुखण्याच्या गोळ्या पोट बांधतात, काही रक्त जास्त जाऊ देतात. ते पान डॉक्टरांच्या हातात द्यायचं. मी पडद्याबाहेर बसेन, आत येणार नाही. विचारणारही नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा.

तोवर कुंथू नका. रात्री कोमट पाण्यातून एक-दोन चमचे इसबगोल घ्या आणि वर आणखी ग्लासभर पाणी प्या. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलटं पोट जड करतं. आली भावना की लगेच जायचं, चहाची वाट बघायची नाही, आणि झालं की उठायचं, आत पेपर नाही. टबात कोमट पाणी घेऊन दहापंधरा मिनिटं बसलात तर आग आणि ठणका कमी होतो. कढत नको, या वयात कातडी पोळते. तो मित्राचा मलम बंद करा, त्यात काय आहे ते डबीवर लिहिलेलंच नाही. आणि तो माणूस एका इंजेक्शनात मूळव्याध घालवतो म्हणत असेल तर ते इंजेक्शन तेवढं घेऊ नका. कोंबात इंजेक्शन देण्याची पद्धत आहे, पण ती नळी घालून, नेमकी जागा बघून. भलत्या जागी गेलं तर तिथं जखम होऊन पू धरतो.

मी सोमवारी पहिल्या गाडीनं निघते, दुपारपर्यंत स्टँडवर उतरेन. उतरवायला येऊ नका, रिक्षानं येते. मंगळवारी सकाळी दवाखाना. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवा, सकाळी चहा-पोहे घेऊन निघू, फक्त जमलं तर संडासला जाऊन घ्या. धोतर चालेल, पण लेंगा घातलात तर टेबलावर सोपं पडेल.

दादाला पुण्याला काही कळवलेलं नाही. कळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आईला नमस्कार.

तुमची
माई

ता. क. स्टेंटच्या वेळची फाइल देवघराच्या वरच्या फळीवर, जुन्या पंचांगांखाली आहे. ती काढून ठेवा. ॲलर्जी आलेल्या त्या इंजेक्शनचं नाव त्यातच लिहिलेलं आहे.